पोटासाठी केलेल्या कामाचा हिशेब

पणजीच्या कामगार न्यायालयात उलटतपासणी चालू असताना कंपनीच्या वकिलांनी एक रंगीत फोटो साक्षीदाराच्या हातात दिला. जत्रेतली फेरी, म्हणजे जत्रेपुरतं मांडलेलं दुकान, वर पिवळा बल्ब, समोर खाज्यांची रास, आणि मागे बनियनवर उभा राहून तराजूत खाजे घालणारा एक माणूस. "हा तुम्हीच ना?" वकिलांनी विचारलं. त्याने फोटो पाहिला आणि "होय" म्हणाला. "म्हणजे तुमचा खाज्यांचा धंदा आहे?" यावर तो गप्प राहिला. ती गप्प बसलेली पाच-सहा सेकंदं मला आजही आठवतात, कारण साक्षीचं प्रतिज्ञापत्र मी तयार केलं होतं आणि त्यात "कामावरून काढल्यापासून अर्जदार पूर्णपणे बेकार आहे" हे वाक्य मीच लिहिलं होतं.

मी वकील नाही. फोंडा भागातल्या कारखान्यांत युनियनचं काम करत आलो. युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगाराच्या वतीने न्यायालयात उभं राहता येतं, तसा मी अनेक वर्षं उभा राहतो आहे. तेव्हा दाव्याच्या शेवटी ते वाक्य आमच्याकडे ठरलेलंच असायचं. जुन्या दाव्यातून उचलायचं आणि नव्यात घालायचं. समोरचा माणूस सहा-सात वर्षं खरंच काही न करता जगला का, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

बडतर्फी बेकायदा ठरल्यावर कामगाराला परत कामावर घ्यायचं, हे लोकांना पटकन पटतं. खरी ओढाताण पुढे सुरू होते. मधल्या वर्षांचा पगार, ज्याला कारखान्यांत सगळे 'बॅक वेजेस'च म्हणतात, तो किती द्यायचा? आणि त्या वर्षांत माणसाने पोट भरण्यासाठी जे काही कमावलं, ते त्यातून वजा करायचं की नाही? माझं म्हणणं असं आहे की वजावट व्हावी, पण ती महिन्यागणिक मोजून, सिद्ध झालेल्या रकमेची आणि फक्त गेलेल्या नोकरीच्या जागी आलेल्या कमाईची. "पन्नास टक्के" असा ठोकताळा लावून माणसाची आठ वर्षं निम्मी करणं हा न्याय नव्हे.

फोटोतल्या माणसाचीच गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

तो एका औद्योगिक वसाहतीत मशीन ऑपरेटर होता. एप्रिल २०१४ मध्ये काढला तेव्हा पगार महिना १४,००० रुपये. आरोप होता सुपरवायझरशी अरेरावी केल्याचा. खात्यांतर्गत चौकशी एकतर्फी झाली, कारण नोटीस त्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर गेली आणि तशीच परत आली. आधी कंपनीला मागणीपत्र, मग सहायक कामगार आयुक्तांसमोर समेटाच्या बैठका, तिथे काही न जमल्यावर न्यायालय. न्यायालयाने प्रथम चौकशी योग्य झाली का हा प्राथमिक मुद्दा घेतला आणि ती अयोग्य ठरवली. मग कंपनीने आरोप न्यायालयासमोर नव्याने सिद्ध करण्याची संधी मागितली. ती मिळाली, पण आरोप काही सिद्ध झाला नाही. निवाडा मार्च २०२२ च्या अखेरीस आला. बडतर्फी बेकायदा, सेवा अखंड धरून पुन्हा कामावर घ्या, आणि बॅक वेजेस पन्नास टक्के.

ही आठ वर्षं तो कसा जगला? पहिले वर्ष-दीड वर्ष काहीच नाही. बायकोच्या माहेरी खाज्यांचा पिढीजात व्यवसाय, सासऱ्याची फेरी. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांचा हंगाम. फातर्पा, बोडगेश्वर, मंगेशी, शेवटी शिरगावची लईराई. तो सासऱ्याबरोबर जायचा, बेसनाच्या कांड्या गुळाच्या पाकात घोळायला, पोती उचलायला, रात्रभर दुकानावर बसायला. जेवण तिथेच व्हायचं, आणि निघताना सासरा हातावर शे-दोनशे रुपये ठेवायचा. मग ऑक्टोबर २०१७ पासून मार्च २०२० पर्यंत, म्हणजे तीस महिने, एका ठेकेदारामार्फत गृहसंकुलाच्या गेटवर रात्रपाळीचा रखवालदार. बारा तासांची पाळी, हातात ९,००० रुपये. कोविड आला आणि तेही गेलं. याशिवाय घरच्या कुळागरात सुपारी काढायला मदत, जी तो नोकरीत असतानाही रविवारी करायचाच.

कंपनीने दोन पुरावे आणले. एक हा फोटो, आणि दुसरा भविष्य निर्वाह निधीचा उतारा. ठेकेदाराने रखवालदाराचा पीएफ भरला होता, आणि नवीन खातं जुन्याच यूएएनला जोडलेलं होतं. कागदावर तीस महिने स्पष्ट दिसत होते. "पूर्णपणे बेकार" हे वाक्य तिथेच पडलं. निवाड्यात पन्नास टक्क्यांचं कारण म्हणून दीडच ओळ होती. अर्जदाराचं बेकारीचं विधान खोटं ठरलं आहे, सबब अर्धं वेतन योग्य राहील.

आता हिशेब मांडून पाहू. तो कामावर असता तर काय मिळालं असतं? कारखान्यात युनियनशी दोन करार झाले, एप्रिल २०१७ पासून तीन हजारांची वाढ आणि एप्रिल २०२० पासून आणखी तीन हजारांची. म्हणजे पहिली ३६ महिने १४,००० प्रमाणे ५,०४,००० रुपये, पुढची ३६ महिने १७,००० प्रमाणे ६,१२,००० आणि शेवटची २४ महिने २०,००० प्रमाणे ४,८०,०००. एकूण १५,९६,००० रुपये. रखवालीतून मिळालेले तीस महिन्यांचे २,७०,००० रुपये. सगळेच्या सगळे वजा केले तरी १३,२६,००० उरतात. न्यायालयाने दिले ७,९८,०००. म्हणजे त्याने कमावलं होतं एकूण पगाराच्या सतरा टक्क्यांच्या आसपास, आणि कापलं गेलं पन्नास टक्के. मधले ५,२८,००० रुपये कुठे गेले? ते कंपनीकडे राहिले. बेकायदा कृत्य जिने केलं, तिच्याच पदरात.

इथे कायदा काय म्हणतो ते पाहायला हवं, कारण अनेक कामगारांना, आणि खरं सांगायचं तर काही मालकांच्या सल्लागारांनाही वाटतं की न्यायाधीशाच्या मर्जीवर सगळं आहे. १९७८ साली हिंदुस्तान टिन वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बडतर्फी बेकायदा ठरली तर पूर्ण मागील वेतनासह कामावर घेणं हा सर्वसाधारण नियम, आणि त्यातून काही कापायचं तर कारण हवं. त्या खटल्यात प्रत्यक्षात पंचाहत्तर टक्के दिले, कारण कंपनीची आर्थिक ओढाताण न्यायालयाने लक्षात घेतली. म्हणजे नियम पूर्ण वेतनाचा, आणि अपवादाला कारण.

पुढच्या काळात वारं थोडं फिरलं. २००५ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेच्या खटल्यात असं म्हटलं गेलं की आपण मधल्या काळात लाभाच्या नोकरीत नव्हतो हे दाखवण्याचा पहिला भार कामगारावरच. त्यानंतर कनिष्ठ न्यायालयांत कापाकापी सोपी झाली. एवढी वर्षं कोणी रिकामा बसत नाही, असं गृहीत धरून टक्के उतरवले जायचे. २०१३ मध्ये क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाच्या खटल्यात हे पुन्हा रुळावर आलं. महाराष्ट्रातली एक शिक्षिका, शाळा न्यायाधिकरणाने तिला पूर्ण वेतन दिलं होतं, उच्च न्यायालयाने ते काढून घेतलं आणि सर्वोच्च न्यायालयाने परत दिलं. त्या निकालात सांगितलेली रीत अगदी व्यवहारी आहे. कामगाराने दाव्यात किंवा निदान साक्षीत म्हणावं की मी लाभाच्या नोकरीत नव्हतो, किंवा कमी पगारावर काम करत होतो. एवढं म्हटलं की भार मालकावर सरकतो. मालकाला पूर्ण वेतन टाळायचं असेल तर त्याने कैफियतीत तसा मुद्दा घ्यायचा आणि ठोस पुराव्याने दाखवायचं की माणूस नोकरीत होता आणि त्याला पूर्वीइतकाच पगार मिळत होता. यामागचं कारण साधं आहे. एखादी गोष्ट घडली हे सिद्ध करता येतं. घडली नाही हे माणूस कसं सिद्ध करणार? आठ वर्षांच्या प्रत्येक दिवसाची साक्ष तो कुठून आणणार?

"किंवा कमी पगारावर काम करत होतो" हे शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. कामगाराला खरं बोलायला मोकळी वाट या शब्दांनी करून दिली आहे. आम्ही ती वापरलीच नाही. मी "पूर्णपणे बेकार" लिहिलं नसतं, "तीस महिने रखवालदार होतो, ९,००० मिळायचे, बाकी काळ सासऱ्याच्या फेरीवर मदत करून जेवत होतो" असं लिहिलं असतं, तर पीएफचा उतारा त्याच्या विरोधातला पुरावा न ठरता त्याच्याच बोलण्याचा आधार ठरला असता. ती चूक माझी होती, आणि त्याची किंमत त्याने पाच लाखांहून जास्त मोजली. तेव्हापासून एकाही दाव्यात ते वाक्य मी घातलेलं नाही.

पण ते खोटं आमच्यापर्यंत आलं कुठून? ते आळसातून आलं तितकंच भीतीतूनही आलं. कामगारांत असा समज पक्का बसला आहे की थोडंही कमावल्याचं कबूल केलं तर सगळं जातं. आणि टक्क्यांचा ठोकताळा लावणारे निवाडे हा समज खरा करत राहतात. खरं बोलणाऱ्याचे ठरावीक रुपये जातील आणि बाकीचे हमखास राहतील अशी खात्री असती, तर खोटं बोलायची गरज कोणाला पडली असती? खोट्या विधानाला न्यायालयाने शिक्षा करू नये असं मी म्हणत नाही. जरूर करावी, खर्च लादावा, ताशेरे ओढावेत. पण शिक्षा वेगळी आणि हिशेब वेगळा. खोटेपणाचा दंड मालकाच्या खिशात का जावा?

आता फोटोकडे येतो. सासऱ्याच्या फेरीवर खाजे मोजणं ही लाभाची नोकरी का? यावर १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, आणि तो वाचताना मला दर वेळी आमचाच माणूस दिसतो. दिल्लीतल्या एका केबल कंपनीतून काढलेला कर्मचारी. सासऱ्याची कोळशाची वखार होती. हा बायकामुलांसह सासऱ्याकडे राहायचा आणि वखारीत हातभार लावायचा, कारण दुसरा आसराच नव्हता. कंपनी म्हणाली, बघा, हा तर कामाला आहे. न्यायालयाने ते सपशेल फेटाळलं. याला लाभाची नोकरी म्हणायचं तर उद्या मालक असंही म्हणेल की काढलेला माणूस जीव जगवायला भीक मागत होता, म्हणून तीही लाभाची नोकरी, अशा आशयाचे कठोर शब्द त्या निकालात आहेत. दिल्लीची कोळशाची वखार काय आणि गोव्यातल्या जत्रेतली खाज्यांची फेरी काय, प्रश्न तोच.

फरक कसा ओळखायचा? दोन गोष्टी पाहाव्यात असं मला अनुभवाने वाटतं. पहिली, धंदा कोणाचा? आमच्या खटल्यात फेरी लावण्यासाठी देवस्थान समितीला भरलेल्या पैशांच्या पावत्या सासऱ्याच्या नावावर होत्या, गूळ आणि बेसन आणणाऱ्या दुकानदाराची उधारीची वहीही त्याच्याच नावावर. एका फोटोने धंदा सिद्ध होत नाही. धंद्याला पावती असते, माल असतो, उधारी असते. या पावत्या आम्ही नंतर शोधून काढल्या. उलटतपासणी होण्याआधी काढल्या असत्या तर ती पाच-सहा सेकंदं आलीच नसती. दुसरी गोष्ट, ही कमाई नोकरी गेली म्हणून आली, की नोकरी असती तरी आलीच असती? कुळागरातली सुपारी तो नोकरीत असतानाही काढत होता. तिचे चार पैसे आता वजा करायचे, तर नोकरीत असताना कंपनी ते पगारातून कापत होती का? रखवालीचं मात्र तसं नाही. बारा तासांची रात्रपाळी तो कारखान्यात असताना करू शकला नसता. ती नोकरीच्या जागी आली, म्हणून ती वजा व्हावी असं मी म्हणतो. २०१३ च्या निकालाचे शब्द काटेकोर वाचले तर पूर्वीपेक्षा कमी पगाराच्या कामाने पूर्ण वेतन अडत नाही, असंही कोणी म्हणू शकेल, आणि कामगाराची बाजू मांडताना मी तसा युक्तिवाद करतोच. पण सार्वजनिक प्रश्न म्हणून विचाराल तर मला प्रामाणिकपणे वाटतं की त्याच तासांचे पैसे दोनदा मिळू नयेत. १७,००० च्या जागी ९,००० मिळाले, तर ८,००० ची तूट कंपनीने भरावी. एवढं साधं आहे.

मोजणी महिन्यागणिक करावी हा काही माझ्या डोक्यातून आलेला नियम नाही. कायद्यातच त्याची जागा आहे. औद्योगिक विवाद अधिनियमात १९८२ च्या दुरुस्तीने कलम १७ब घातलं गेलं. कामगाराला परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर खटला चालेपर्यंत त्याने कामगाराला शेवटचा घेतलेला पूर्ण पगार द्यायचा. अट एवढीच की कामगार त्या काळात कुठल्या आस्थापनेत नोकरीला नसावा आणि तसं प्रतिज्ञापत्र त्याने द्यावं. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की कामगार नोकरीत होता आणि त्याला पुरेसा मोबदला मिळत होता असं सिद्ध झालं, तर त्या काळापुरतं किंवा त्या काळाच्या भागापुरतं वेतन द्यायचं नाही. "काळाच्या भागापुरतं" हे शब्द लक्षात घ्या. संसदेने इथे काळाचे तुकडे पाडून पाहा असंच सांगितलं आहे. ज्या भागात पुरेशी कमाई झाली तो भाग बाजूला, बाकीचा तसाच. मग बॅक वेजेस ठरवताना आठ वर्षांची एकच मोळी बांधून तिला मधोमध का कापायचं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि उच्च न्यायालयातल्या खटल्याच्या काळात पगार देण्याची ही तरतूद तिच्यातही राखली आहे. नव्या न्यायाधिकरणांना जुनी टक्क्यांची सवय सोडून द्यायला हीच वेळ योग्य आहे.

या कलमाची एक मर्यादा मात्र बोचते. शेवटचा घेतलेला पगार म्हणजे बडतर्फीच्या दिवशीचा, आज असता तर मिळाला असता तो नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये देना बँकेच्या खटल्यात ठरवलं. कंपनी पर्वरीच्या उच्च न्यायालयात गेल्यावर आमच्या माणसाला २०२२ मध्ये मिळाले महिना १४,०००, म्हणजे २०१४ चा पगार. त्या आठ वर्षांत गॅस सिलिंडर, मुलांच्या शाळेचा खर्च, बसचं भाडं काही २०१४ मध्ये थांबलं नव्हतं. तरी त्या पैशाने घर चाललं, हेही खरं. आणि कामगार पुढे हरला तरी ही रक्कम परत मागता येत नाही, कारण तिचं स्वरूप निर्वाह भत्त्याचं आहे.

मालकांची बाजूही मी ऐकली आहे, आणि तिला नुसतं झटकून चालणार नाही. मोठ्या औषध कंपनीला पंधरा लाख म्हणजे काही नाही, पण पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपला त्यात मशीन विकावं लागतं. अशा एका उद्योजकाने मला विचारलं होतं, "खटला आठ वर्षं चालला तो न्यायालयामुळे. त्याचे पैसे मी का भरायचे?" प्रश्न खरा आहे. पण न्यायालयाच्या विलंबाचा दोष कामगाराचाही नाही, आणि २०१३ च्या निकालाने तर स्पष्टच म्हटलं आहे की विलंबासाठी त्याचं वेतन कापणं अन्यायाचं आहे. दोघेही निर्दोष धरले, तरी बेकायदा काढलं कोणी हा प्रश्न उरतोच. शिवाय मालकाच्या हातात एक उपाय असतो जो कामगाराच्या हातात नसतो. खटला चालू असतानाच आपले मुद्दे राखून ठेवून लेखी कळवायचं, "ये, त्याच पदावर, त्याच पगारावर हजर हो, खटल्याचा निकाल लागेल तो लागेल." माणूस आला तर घड्याळ थांबलं, काम मिळालं आणि पगारही कामाचाच गेला. नाही आला तर त्या तारखेपासूनचं बॅक वेजेस मागताना त्याची बाजू लंगडी पडते. अट एकच, बोलावणं खरं असावं. वेर्ण्याच्या माणसाला परराज्यातल्या शाखेत हजर व्हायला सांगणं, किंवा आधी माफीनामा लिहून मागणं, हे बोलावणं नव्हे. माझ्या आजवरच्या कामात असं खरं पत्र मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

कधी कधी परत घेण्याचा आदेशच होत नाही, हेही सांगून ठेवतो. रोजंदारीवरच्या माणसाला नोटीस आणि कामगार कपातीची भरपाई न देता काढलं असेल, तर केवळ तेवढ्या त्रुटीवर नोकरी परत न देता एकरकमी भरपाई देण्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा कल आहे. २०१३ चा भारत संचार निगमचा निकाल त्याचं उदाहरण. तिथे हिशेब वेगळ्या तऱ्हेने होतो, त्यात आत्ता शिरत नाही.

"रिकामा बसणाऱ्याला सगळं मिळणार आणि कष्ट करणाऱ्याचं कापणार, मग कष्ट कोण करेल?" असाही एक आक्षेप असतो. युक्तिवाद म्हणून तो चांगला वाटतो, पण प्रत्यक्षात आठ वर्षांनी कदाचित मिळेल अशा निवाड्याच्या भरवशावर आज चूल विझवून बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. ज्याच्याकडे कमाईची नोंद नाही तो रिकामा होता असं मुळीच नाही. बहुधा त्याचं काम नोंद होण्याच्याही लायकीचं नव्हतं. कोणी मासळीच्या ट्रकवर हमाली केली, कोणी दुसऱ्याची रिक्षा रात्रीपुरती चालवली. पीएफ भरणारा ठेकेदार मिळाला तो एकटा पकडला गेला, एवढाच फरक. म्हणून कमी पगाराची नोंद सापडली की तिला गुन्ह्यासारखं वागवणं उलट दिशेचं आहे. माणूस हात-पाय हलवत होता, एवढंच ती नोंद सांगते.

निवाड्यात शेवटी आकडा असावा, असंही मला ठामपणे वाटतं. "बॅक वेजेस द्यावे" एवढंच लिहिलं तर कंपनी एक हिशेब काढते, कामगार दुसरा, आणि रक्कम ठरवून घेण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा साक्ष, पुन्हा वर्षं. पगारवाढीचे करार कंपनीच्याच कपाटात असतात. ते साक्षीच्या वेळीच मागवून घेतले, तर न्यायालयाला एका पानावर तक्ता मांडता येतो. महिना, मिळायला हवा तो पगार, सिद्ध झालेली कमाई, फरक. असा तक्ता मला निवाड्यात पाहायचा आहे.

उच्च न्यायालयात कंपनीची याचिका होती तशी पन्नास टक्क्यांविरुद्ध आमचीही होती. कलम १७ब च्या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागायचं, म्हणून एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. या वेळी मी लिहिलं नाही, त्याला सांगायला लावलं. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर त्याने स्वतःच सगळं उतरवून आणलं होतं. कुठल्या जत्रेला किती रात्री, सासऱ्याने हातावर काय ठेवलं, रखवालीचे महिने, दोन महिने डेंग्यूने घरी. "हे पण घाला," तो म्हणाला, "आता कोविडनंतर फेरी परत सुरू झालीय, मी जातो." मी ते घातलं. कंपनीच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि तोच जुना फोटो पुन्हा जोडला. पण त्या फोटोतून सिद्ध होण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं, ते सगळं आम्हीच लिहून दिलं होतं.

सुनावणीआधी तडजोड झाली. बोलणी पन्नास टक्क्यांवरून सुरूच झाली नाहीत. टेबलावर वहीचं ते पान होतं आणि त्यावरून काढलेला तक्ता, १३,२६,००० वर थांबलेला. कंपनी बारा लाखांवर आली, वरती पीएफचा मालकाचा वाटा आणि सेवा अखंड. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तो सकाळच्या पाळीला गेटवर हजर झाला. नवं ओळखपत्र हातात पडेपर्यंत त्याला अर्धा तास रखवालदाराच्या केबिनमध्ये बसावं लागलं, आणि तिथल्या माणसाने त्याला चहा दिला.